वॉर्डचा निरोप घेताना

इनचार्ज सिस्टर, सगळ्या सिस्टर आणि ब्रदर, मावशी, मामा, आणि कॉटवरच्या तसंच कॉटशेजारी बसलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आज 30 सप्टेंबर. माझे तीन महिने संपले. एमडी करणाऱ्या प्रत्येकाला जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करावं लागतं, म्हणून मी 1 जुलैला इथे आले. कोकणातला पाऊस तेव्हा जोरात होता आणि लावणी सुरू होती. पहिल्याच आठवड्यात ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत गोळे आलेले चार शेतकरी दाखल झाले. लेप्टो मी पुस्तकात वाचला होता. पण 'चिखलात किती दिवस उभे होतात, पायाला जखम आहे का' हे सगळ्यात आधी विचारायचं असतं, ते मी ब्रदरांकडून शिकले.

त्या ऑगस्टमधल्या रात्रीबद्दल मला आज सगळ्यांसमोर बोलायचं आहे. त्या मुलाच्या वडिलांची परवानगी घेतली आहे. पहाटे तीनला बारा वर्षांचा मुलगा आला. जमिनीवर झोपला होता, पोटात दुखून जागा झाला. अंगावर कुठे दाताची खूण नव्हती, सूजही नव्हती. तरी साप चावल्याची शंका म्हणून सिस्टरांनी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं हलू दिलं नाही, मग नळी तिरकी केली. रक्त गोठलेलं होतं. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पित्ताचं इंजेक्शन लिहून दिलं. मण्यारच्या विषाने रक्त पातळ होत नाही, नसा लुळ्या पडतात, हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

मावशी, तुम्ही लादी पुसत होतात. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मॅडम, पोराचे डोळे बघा. झोप नाही ती, पापण्याच उचलत नाहीयेत." त्यानंतर दहा व्हायल एएसव्ही लागली. त्याचा श्वास कमी पडायला लागला, नळी घातली. व्हेंटिलेटर लागेपर्यंत मामा आणि ब्रदर आळीपाळीने अँबू दाबत होते. पाचव्या दिवशी नळी निघाली आणि त्याने पहिल्यांदा पेज मागितली. मावशी, तो मुलगा तुमच्यामुळे जगला. त्या रात्री मी हे तुम्हाला धडपणे सांगितलंही नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते आहे.

सगळेच असे वाचले नाहीत. लावणीत आजारी पडलेल्या त्या चौघांपैकी एका काकांच्या फुप्फुसात रक्तस्राव झाला आणि ते गेले. ताप आल्यावर ते सहा दिवस घरीच होते. महिन्याने काकू कागदपत्रांसाठी आल्या तेव्हा इनचार्ज सिस्टरांनी त्यांना आत बसवून आधी चहा दिला, मग स्वतः जाऊन कागद आणून दिले. मी दारात उभी राहून पाहत होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी अर्धा वॉर्ड 'घरी सोडा' म्हणून मागे लागला होता, ते आठवतं ना? ज्यांना सोडता येत नव्हतं त्यांच्यासाठी सिस्टरांनी घरचे मोदक आणले. साखर असलेल्यांना अर्धा, तोही इन्सुलिनची वेळ बघून.

आता पेशंटसाठी. उद्या सकाळी नवे डॉक्टर येतील. काहींनी मला घाबरून विचारलं की आमचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं का. नाही. तुमचं सगळं केस पेपरवर लिहिलं आहे, आणि आज दुपारी मी त्यांच्याशी फोनवर एकेका कॉटबद्दल बोलले आहे. टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या दादा, भूक परतली म्हणजे आजार गेला असं नाही. सहा महिने पूर्ण करा. आणि गावी जाणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. साप चावला तर करकचून बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेल्या माणसाचे हातपाय हलू न देता 108 ला फोन करा. रात्री मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा, डासांसाठीही आणि मण्यारसाठीही.

कॉट चौदाच्या आजी, तुम्ही रोज राउंडला "जेवलीस का बाय?" असं विचारायचात. नाईटनंतर तेवढं एक विचारणारं माणूस असलं की दिवस निघतो. आज जेवले आहे, आजी.

काचेच्या नळ्या मी दोन डझन आणून ड्रेसिंग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या साबणाने धुवायच्या नाहीत, नव्या डॉक्टरांनाही सांगा. कॉट सहाची लघवी रात्री आठला मोजायची आहे. ती मी मोजते, मग निघते.