वक्ता परिचय : वसुधा इंगवले

कार्यक्रम : जागतिक जल दिनाचा वेबिनार, २२ मार्च
विषय : बोअर मारण्याआधी विहिरीचे कडे वाचा

माहितीपत्रकासाठी

वसुधा इंगवले भूजलशास्त्रज्ञ आहेत. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी कुठे थांबते, कुठून पाझरते आणि एका गावाने ते वाटून कसे वापरावे, हा त्यांच्या कामाचा विषय. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच काळ्या खडकावर वसला आहे. त्यामुळे त्यांचे काम माण-खटावचे असले, तरी त्यातून निघालेल्या गोष्टी सांगोल्याला, पुरंदरला आणि आष्टीलाही लागू पडतात.

पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर त्यांनी सुरुवातीची काही वर्षे एका स्वयंसेवी संस्थेच्या पाणलोट प्रकल्पात काढली. समतल चर खणायचे, नालाबांध घालायचे आणि पावसाळ्यानंतर फोटो काढायचे, असा तेव्हाचा शिरस्ता होता. अडवलेले पाणी जमिनीखाली नेमके कोणत्या थरात जाते आणि कुणाच्या विहिरीला पोचते, हे मात्र क्वचितच कोणी तपासत असे. वसुधाताईंनी तेच तपासायला घेतले. २००४पासून त्या स्वतंत्रपणे काम करतात.

त्यांची पद्धत कुणालाही समजेल इतकी सरळ आहे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की त्या गावातल्या विहिरींत उतरतात. वरून खाली थर मोजत जातात : काळी माती, मुरूम, मग बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला मांजऱ्या, त्याखाली अखंड काळा पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा. कुठल्या फटीतून झरा आहे, तो कोणत्या महिन्यात आटतो, आडवे बोअर कोणत्या दिशेला मारले होते, हे त्या विहीरमालकाकडून विचारून घेतात. अशा वीस-पंचवीस विहिरींच्या नोंदी एकाच कागदावर उंचीप्रमाणे मांडल्या की गावाखालचा खडक डोळ्यांसमोर उभा राहतो. बांधावरून भांडणारे दोन शेजारी एकाच झऱ्याचे पाणी उपसत आहेत, हेही त्याच कागदावर दिसते. हा कागद त्या ग्रामसभेत भिंतीवर लावतात आणि गावाकडेच ठेवून येतात.

मांजऱ्या जिथे झिजलेला, भेगाळलेला असतो, तिथे पाणी धरून ठेवतो. अखंड पाषाणात भेग लागली तर पाणी, नाही तर कोरडी धूळ. म्हणून तीनशे फुटांना पाणी लागले नाही की पाचशेपर्यंत जाण्याचा जो आग्रह धरला जातो, त्याला वसुधाताईंचा विरोध आहे. खोल बोअरमुळे वरच्या थरातले पाणी खाली निसटून शेजारची जुनी विहीर कोरडी पडू शकते, हे त्या नकाशांसह दाखवतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, तेव्हा त्या मराठवाड्यातल्या गावांमध्ये बोअर आणि विहिरींच्या नोंदी घेत होत्या. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमातील साठ मीटरच्या मर्यादेमागे खडकाचे काय कारण आहे, हे त्या नोंदींच्या आधारे समजावून सांगतात. कायद्याची भाषा त्यांना फारशी आवडत नाही. कलमे वाचून कुणी बोअर थांबवत नाही, असे त्या म्हणतात.

पाण्याचा ताळेबंद हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर पाचशे कोटी लिटर पडले. त्यातले बरेचसे वाहून जाते, बरेचसे उडून जाते आणि खडकात मुरते ते थोडेच. त्या थोड्यावर ऑक्टोबरमध्ये पिकांचे गणित बसवायचे असते. हा हिशेब त्या शाळेतल्या फळ्यावर गावकऱ्यांकडूनच मांडून घेतात. उसाचा आकडा आला की वर्गात शांतता पसरते, आणि तिथूनच खरी चर्चा सुरू होते.

मूळ गाव माण तालुक्यात. घरची विहीर आजोबांनी १९७२च्या दुष्काळात आणखी पाच परस खोल नेली होती. त्या विहिरीची पाणीपातळी वसुधाताई आजही मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात.

सूत्रसंचालकाने वाचण्यासाठी

आजच्या वक्त्या वसुधा इंगवले भूजलशास्त्रज्ञ आहेत. पण त्यांची ओळख गावागावांत ‘विहिरीत उतरणाऱ्या मॅडम’ अशीच आहे. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात त्या काम करतात. विहिरीच्या कड्यावरचे थर वाचून गावाखालचा खडक कसा आहे, पाणी कुठे धरलं जातं, हे त्या गावकऱ्यांसोबत बसून कागदावर उतरवतात. पाणाड्यावर विश्वास ठेवायचा की मशीनवर, असं त्यांना हमखास विचारलं जातं. त्या म्हणतात, आधी शेजाऱ्याची विहीर बघा. आज त्या बोअर मारण्याआधी काय पाहायचं आणि गावाने पाण्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे सांगणार आहेत. पहिली चाळीस मिनिटं त्या बोलतील, नंतर तुमचे प्रश्न घेतील. वसुधाताई, नमस्कार.

पोस्टरसाठी

वसुधा इंगवले, भूजलशास्त्रज्ञ. दख्खनच्या खडकातील पाणी आणि गावाचा ताळेबंद या विषयांवर दोन दशकांहून अधिक काळ काम.

आयोजकांसाठी

मूळ प्रोफाइल चार पानांचे आहे. त्यातली पुरस्कारांची आणि समित्यांची यादी वसुधाताईंच्या सांगण्यावरून वगळली आहे. कृपया इतर ठिकाणांहून शोधून ती परत जोडू नये. शोधनिबंधांची नावेही काढली आहेत, कारण श्रोत्यांत शेतकरी आणि ग्रामपंचायत सदस्य जास्त असतील असे तुम्ही कळवले होते. नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. त्यांनी पीएच.डी. केलेली नाही आणि मागे एका पत्रिकेत ते छापून आल्यावर त्यांना फार संकोच वाटला होता. ‘जलकन्या’, ‘जलदूत’ अशी विशेषणेही टाळावीत.

फोटो सोबत दोन पाठवले आहेत. विहिरीच्या पायऱ्यांवरचा वापरलात तर बरे, पण त्यातल्या गावकऱ्यांची परवानगी फक्त या कार्यक्रमापुरती घेतली आहे. परिचयात जागेअभावी काटछाट करायची झाल्यास शिक्षणाचा परिच्छेद आधी कापा, थर मोजण्याचा ठेवा. सादरीकरणात विहिरीचे छेद बारीक रेषांनी काढलेले आहेत, मोबाइलवर ते नीट दिसत नाहीत. म्हणून त्यांची पीडीएफ श्रोत्यांच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाकावी.