‘इतर’ या रकान्यातले पैसे

निखिलचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होत असे आणि वीस तारखेच्या सुमारास खात्यात काहीशे रुपये उरत. त्याला हे पैसे नेमके कुठे जातात हे खरोखरच ठाऊक नव्हते. हातात पडणाऱ्या बेचाळीस हजारांतून वाकडच्या फ्लॅटच्या भाड्यातला वाटा नऊ हजार, डब्याचे बत्तीसशे, संगमनेरला घरी आठ हजार, पेट्रोलचे अडीच हजार आणि स्मार्टवॉचचा दोन हजारांचा हप्ता वजा केला, तरी सतरा हजारांहून अधिक रक्कम उरायला हवी होती. ती उरत नव्हती. शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने खर्चाचा हिशेब ठेवणारे एक ॲप घेतले.

ॲप बँकेचे एसएमएस वाचून प्रत्येक खर्च आपोआप रकान्यांत टाकत असे. पहिल्या महिनाअखेरीस पडद्यावर रंगीत वर्तुळ उमटले आणि त्यातला सर्वांत मोठा तुकडा ‘इतर’ या नावाचा निघाला. त्यात ११,६४० रुपये होते. निखिलने तो रकाना उघडला. मोबाइलची कव्हरे, एक वायरलेस माउस (जुना चालू असताना), दोन टी-शर्ट, पायांना मालीश करणारे एक यंत्र, ज्याचे खोकेही अजून फोडलेले नव्हते. त्याहून त्याला खटकली ती व्यवहारांची वेळ. बहुतेक खरेदी रात्री अकरानंतरची होती, म्हणजे परदेशी ग्राहकाबरोबरचा कॉल संपून तो अंथरुणावर पडल्यानंतरची. जेवण झालेले, झोप न आलेली, हातात फोन आणि ॲपमध्ये कार्ड आधीच जतन केलेले, अशा स्थितीत वस्तू लागते की नाही हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

त्याने ‘इतर’साठी चार हजारांची मर्यादा ठरवली. दुसऱ्या महिन्यात ती अकरा तारखेलाच ओलांडली गेली आणि ॲपने तत्परतेने लाल इशारा दिला. मात्र तो पैसे गेल्यानंतर आला. अशा ॲपांची खरी मर्यादा हीच म्हणावी लागेल. झालेला खर्च ती चोख दाखवतात, होऊ घातलेला खर्च त्यांना दिसत नाही. त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाचे बिल नीट वाचताना निखिलला आणखी एक गोष्ट कळली. ‘नो कॉस्ट’ म्हणून घेतलेल्या हप्त्यांवर १९९ रुपयांचे प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला होता. शिवाय दर महिन्याच्या हप्त्यातील व्याजाच्या भागावर वेगळा जीएसटी होताच. व्याजाइतकी सवलत विक्रेत्याने दिली होती, कर मात्र निखिललाच भरायचा होता.

मग त्याने उलट केले. ॲपला दिलेली एसएमएस वाचण्याची परवानगी काढून घेतली, खरेदीच्या सगळ्या ॲपांमधून जतन केलेले कार्ड पुसून टाकले आणि नियम केला, की वस्तूची नोंद आधी आणि खरेदी आठ दिवसांनी. नोंदीत वस्तूचे नाव, त्या दिवशीची किंमत आणि ती का हवी याचे एक वाक्य लिहायचे. हे वाक्यच अवघड जाई. ‘बुटांची जोडी’ असे लिहून पुढे काय लिहावे हे सुचेना, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे ‘आज साहेब सगळ्यांसमोर बोलले’ असे लिहिले, आणि आठवड्याने ते वाचून त्याला हसू आले. सगळेच असे सुरळीत झाले नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या आठवड्यात त्याने नोंद न करताच साडेतीन हजारांचे हेडफोन मागवले. ते मुदतीत परत केले, तरी परतीच्या खटपटीत एक अख्खा शनिवार गेला.

दिवाळीच्या तोंडावर सेल लागला. रात्री बारा वाजता खोलीतला सोबती सुजित फोन घेऊन बसला आणि पंधरा मिनिटांत त्याने चार वस्तू कार्टमध्ये टाकल्या.

“अरे, तू काहीच घेत नाहीस? ट्रिमरवर साठ टक्के सूट आहे,” तो म्हणाला.

निखिलने आपली यादी उघडली. ट्रिमर तिच्यात होता, महिनाभरापूर्वीच्या किमतीसह. “माझ्या नोंदीत हाच ट्रिमर १,८९९ रुपयांना आहे. आता साठ टक्के सूट धरून १,९९९ दाखवतोय,” तो म्हणाला.

सुजितने फोन ओढून घेतला, दोन्ही आकडे पाहिले आणि स्वतःच्या कार्टमधला ट्रिमर मुकाट्याने काढून टाकला. यादीत उरला होता मिक्सर. जुन्याची मोटर जळून दोन आठवडे झाले होते आणि त्याची किंमत खरोखरच साडेतीनशे रुपयांनी उतरली होती. निखिलने कार्डाचा क्रमांक एकेक आकडा टाइप करून मिक्सर मागवला आणि त्याचे निम्मे पैसे सुजितकडून तिथल्या तिथे यूपीआयने वसूल केले.