उत्तरपत्रिकेवरील टिपण : ‘औदुंबर’चे रसग्रहण

प्रथम वर्ष कला, मराठी. अंतर्गत चाचणी, हजेरी क्रमांक २७
प्रश्न ३ : बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेचे रसग्रहण करा. आशय, प्रतिमा आणि तुम्हाला कविता कशी भावली, यांचा विचार करा.
गुण : २० पैकी १३ (आशय ६ पैकी ३, प्रतिमा ७ पैकी ५, स्वतःचे वाचन ७ पैकी ५)

तुझं उत्तर चार पानांचं आहे, पण ते खऱ्या अर्थाने तिसऱ्या पानावर सुरू होतं. पहिलं पान मी दोनदा वाचलं. ‘बालकवी हे थोर निसर्गकवी होते. त्यांच्या कवितेत निसर्ग सजीव होऊन अवतरतो. प्रस्तुत कवितेतही त्यांनी निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे.’ या तीन वाक्यांवरचं कवितेचं नाव झाकलं, तर ही कोणत्या कवितेबद्दल आहेत ते मला सांगता येणार नाही, आणि तुलाही नाही. ती चुकीची नाहीत. त्यांना गुण मिळत नाहीत, एवढंच.

आशयात तीन गुण गेले ते इथेच. ‘निसर्गचित्रण हा कवितेचा आशय आहे’ असं तू लिहिलंस. निसर्ग हा तिचा विषय झाला. चौथ्या पानावर मात्र तू लिहितेस, ‘आजूबाजूला एवढी हिरवाई असून कुणीतरी त्यातलं नसल्यासारखं बसलं आहे, असं मला वाटलं.’ हा आशय आहे, आणि आठ ओळींच्या कवितेला तो नीट पेलतो. पण तोपर्यंत पहिल्या पानावरचं मनोहारी चित्र तू मागे घेतलेलं नाहीस. एकाच उत्तरात दोन आशय आहेत आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. दुसऱ्या पानावर तर ‘चार घरांच्या गावातले लोक सुखासमाधानाने राहतात’ असंही आहे. हे लोक तुला कुठल्या ओळीत दिसले?

आता चरित्राचं. ‘१९१८ साली बालकवींचा रेल्वे अपघातात अकाली मृत्यू झाला, म्हणून काळा डोह हे मृत्यूचं प्रतीक आहे.’ माहिती बरोबर आहे. १८९० साली जन्मलेला हा कवी भादली स्थानकाजवळ गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. पण कविता अपघाताच्या आधीची आहे, त्यामुळे ‘म्हणून’ हा शब्द इथे टिकत नाही. डोहात मृत्यू दिसणं गैर नाही, अनेकांना तो तिथे दिसला आहे. मात्र त्याचा पुरावा ओळींतून द्यायचा. तो तुझ्याजवळ होता. दुसऱ्या पानावर तू रंग नोंदवलेस : निळासावळा, हिरवा, पांढरा, काळा. यादी अचूक आहे, पण त्यांचा क्रम पाहायचा राहिला. शेवटी कोणता रंग येतो आणि त्याच्यापुढे हिरवा पुन्हा येतो का, एवढं पाहिलं असतंस तर चरित्राची गरजच उरली नसती.

प्रतिमांचा भाग एकूण चांगला. ‘ऐल तटावर पैल तटावर’मधली पुनरावृत्ती तू नाद म्हणून दाखवलीस, आणि ती ओळ वाचताना नजर दोन्ही काठांवर फिरते हेही लिहिलंस. ते मला आवडलं. चेतनगुणोक्ती ओळखलीस, उदाहरण योग्य. ‘गोड काळिमा’पाशी मात्र घाई केलीस. ‘येथे विरोधाभास आहे’ असं लिहून पुढे गेलीस. अलंकाराचं नाव सांगितलं की काम झालं, असं गाईडमध्ये वाटतं. इथे विचारायला हवं होतं : काळिमा गोड कुणाला आहे? पाहणाऱ्याला, पाण्याला, की बसलेल्या झाडाला? उत्तर कोणतंही दिलं असतंस तरी एक गुण वाढला असता, फक्त ते उत्तर पुढच्या ओळीशी जुळायला हवं होतं.

आणि अवतरण. तू ‘पाय सोडुनी जळांत बसला’ असं लिहिलं आहेस. कवितेत ‘पाय टाकुनी’ आहे. पाय सोडून बसणारा सैल असतो, करमणूक म्हणून बसतो. टाकून बसणारा तसा असेलच असं नाही. एका क्रियापदाने झाडाचा मूड बदलतो. अवतरण पाठ नसेल तर ओळ आपल्या शब्दांत सांगावी, चुकीचे शब्द अवतरणचिन्हांत घालू नयेत.

स्वतःच्या वाचनाचे पाच गुण कुठून आले ते सांगते. दुसऱ्या पानाच्या वरच्या बाजूला तू एक वाक्य एका रेघेने खोडलं आहेस. रेघ बारीक आहे, त्यामुळे वाचता येतं : ‘पायवाट आहे, पण तिच्यावरून कुणी चालत नाही.’ त्याच्या जागी लिहिलंस, ‘पायवाटेमुळे चित्राला जिवंतपणा आला आहे.’ खोडलेलं तपासायचं नसतं, त्यामुळे तिथे गुण दिलेले नाहीत. पण चांगलं वाक्य खोडून तू साधं वाक्य लिहिलंस, हे तुला कळायला हवं. सुदैवाने चौथ्या पानावर ते परत आलं, आणि जास्त धीटपणे : ‘गाव आहे पण माणूस नाही. वाट आहे पण पाऊल नाही. पाय फक्त झाडाला आहेत.’ समासात मी दोन रेघा मारल्या आहेत त्या इथे. हे कुठल्याही गाईडात नाही, कवितेत मात्र आहे.

यापुढे जायला जागा होती. मूळ ओळी बघ :

पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे

इथे ‘चालली’ आहे ती वाट स्वतः. तिच्यावरून कुणी जात नाही, तीच जाते, आणि जाते ती थेट तिथे, जिथे औदुंबर बसला आहे. म्हणजे पाय नसलेली वाट चालते आणि पाय असलेलं झाड बसून राहतं. तुझ्या तीन वाक्यांपासून हे एका पावलावर होतं. हे तुझ्या उत्तरात असतं तर या भागाला सहा गुण दिले असते.

शेवटचा परिच्छेद : ‘औदुंबर हे दत्तगुरूंचे स्थान असल्याने तो समाधी लावून बसलेल्या योग्यासारखा वाटतो.’ औदुंबर म्हटल्यावर मराठी वाचकाला दत्त आठवणारच, त्यात वावगं नाही. पण योगी मांडी घालून बसतो. हा पाय पाण्यात टाकून बसला आहे. हा योगी वेगळा का, हे सांग, नाहीतर योग्याला रजा दे. शिवाय वरच्याच परिच्छेदात तो तुला एकाकी वाटला होता. विरक्त आणि एकाकी यांत फरक आहे. दोन्ही वाटू शकतात, पण आधी काय वाटलं आणि मग मत का बदललं, ते लिहायला लागतं.

अक्षर सुवाच्य आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या पाच चुका लाल शाईने दाखवल्या आहेत, त्यांचे गुण कापलेले नाहीत.

दुसरं आणि चौथं पान घेऊन दीड पानांत हे उत्तर पुन्हा लिही. सुरुवात ‘पाय फक्त झाडाला आहेत’ या वाक्याने कर. कवीची ओळख देऊ नकोस. गुरुवारच्या तासाला आण. गुणांबद्दल काही म्हणणं असेल तर हीच उत्तरपत्रिका सोबत घेऊन ये, म्हणजे ओळीवर बोट ठेवून बोलता येईल.