दुसऱ्या कंपनीकडून मिळालेली ऑफर आणि आपल्या निर्णयाच्या वेळेबाबत विचारणा

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
प्रमुख, मनुष्यबळ विभाग

विषय : पुरवठा नियोजन व्यवस्थापक पदाच्या निवड प्रक्रियेचे पुढील वेळापत्रक कळवण्याबाबत

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीतील पुरवठा नियोजन व्यवस्थापक या पदासाठी मी अर्ज केला असून, २६ मे रोजी विभागप्रमुख आणि त्यांचे दोन सहकारी यांच्यासमोर माझी तिसरी मुलाखत झाली आहे. दरम्यान गुरुवार, ५ जून रोजी मला दुसऱ्या एका कंपनीचे ऑफर लेटर मिळाले असून त्यावर सोमवार, १६ जून रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर देणे मला भाग आहे. आपला निर्णय त्यापूर्वी, शक्यतो शुक्रवार, १३ जूनपर्यंत कळू शकेल का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तिसऱ्या मुलाखतीनंतर आपण फोनवर बोललो, तेव्हा निर्णय व्हायला जूनअखेर उजाडेल असे आपण स्पष्ट सांगितले होते आणि मीही ते मान्य केले होते. आपल्याकडून कोणताही विलंब झालेला नाही, आणि या पत्राचा सूर तक्रारीचा वाटू नये अशी माझी इच्छा आहे. परिस्थिती माझ्या बाजूने बदलली आहे, इतकेच. ती आपल्यापासून लपवून ठेवायची आणि महिनाअखेरीस आपण निवडीचा निरोप दिला की मी दुसरीकडे शब्द देऊन बसले आहे असे सांगायचे, हे मला योग्य वाटले नाही. माझ्या सध्याच्या कामात मी स्वतः अनेकदा मुलाखती घेतल्या आहेत; शेवटच्या टप्प्यावर आलेला उमेदवार असा अचानक निघून गेला की महिनाभराची प्रक्रिया पुन्हा मुळापासून करावी लागते, याची मला कल्पना आहे.

दुसऱ्या ऑफरबद्दल आपल्याला आवश्यक तेवढी माहिती देते. ती लेखी आहे, तिच्यावर अधिकृत स्वाक्षरी आहे आणि पद व जबाबदारी या दोन्ही बाबतींत ती आपल्याकडील कामाच्या जवळपास जाणारी आहे. उत्तर देण्याची मूळ मुदत १० जून होती. आपल्याकडील प्रक्रिया अपूर्ण असताना घाईने निर्णय घ्यावा लागू नये म्हणून मी मुदतवाढ मागितली आणि त्या कंपनीने ती १६ जूनपर्यंत दिली. आता आणखी वेळ मागणे मला प्रशस्त वाटत नाही. तसे केले तर माझ्या हेतूबद्दल त्यांच्या मनात शंका येईल, आणि ती आली तर त्यात त्यांची काही चूक म्हणता येणार नाही. ऑफर लेटरमधील मजकूर गोपनीय ठेवण्याची अट असल्यामुळे कंपनीचे नाव आणि पगाराचा आकडा मी सांगू शकत नाही, तो आपण विचारणारही नाही याची मला खात्री आहे. आपल्या कंपनीबद्दल तिकडेही मी काही सांगितलेले नाही. दुसरीकडे एक प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे, एवढेच त्यांना ठाऊक आहे.

हे पत्र पगाराची बोलणी पुढे रेटण्यासाठी लिहिलेले नाही, हेही येथेच नमूद करते. पहिल्याच संभाषणात आपण माझी अपेक्षा विचारली होती आणि मी ती सांगितली होती. हातात दुसरी ऑफर आली म्हणून ती बदललेली नाही. या पदासाठी मंजूर असलेली रक्कम त्या अपेक्षेच्या आसपास असेल, तर त्या विषयावर माझ्याकडून वेगळे काही बोलायचे उरत नाही. मला कमी पडत आहे ती फक्त वेळ.

आपल्याकडील कामाला माझी पहिली पसंती आहे, आणि याचे कारण शिष्टाचारापुरते नाही. दुसऱ्या मुलाखतीपूर्वी मला सोडवायला दिलेला प्रश्न सुट्या भागांच्या साठ्याचा होता: ज्यांना कित्येक महिने मागणीच येत नाही आणि येते तेव्हा एकदम येते, अशा भागांचा साठा किती ठेवावा. अशा ठिकाणी नेहमीची सरासरी दिशाभूल करते, म्हणून मी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने मागणीचे प्रमाण आणि दोन मागण्यांमधले अंतर यांचा अंदाज वेगवेगळा काढून दाखवला होता. त्यावर विभागप्रमुखांनी त्या पद्धतीचा अंदाज थोडा वरच्या बाजूला झुकतो याकडे लक्ष वेधले आणि पुढचा बराच वेळ आम्ही त्या झुकावामुळे गोदामात किती पैसा अडकून पडतो यावरच बोलत राहिलो. मुलाखतीत उमेदवाराचे उत्तर असे बारकाईने तपासले जाणे मी क्वचितच अनुभवले आहे. ज्या विभागात हा प्रश्न रोजच्या कामाचा भाग आहे तिथे काम करायला मला आवडेल, आणि दुसरीकडचा होकार मी अजून रोखून धरला आहे तो याचसाठी.

आता माझी विचारणा. माझ्या समजुतीप्रमाणे संचालकांसोबतची एक भेट, पूर्वीच्या वरिष्ठांकडून माझ्याबद्दल घ्यायची माहिती आणि वित्त विभागाची मंजुरी एवढे टप्पे बाकी आहेत. यांपैकी १३ जूनपर्यंत काय पूर्ण होण्यासारखे आहे आणि काय नाही, हे आपण मला कळवावे. विशेषतः वित्त विभागाची मंजुरी या पदासाठी आधीच मिळालेली आहे की निवड झाल्यानंतर घ्यायची आहे, हे कळले तर मला बराच अंदाज येईल. कारण भेट दोन दिवसांत ठरवता येते, मंजुरीचे मात्र तसे नसते. इतर उमेदवारांच्या मुलाखती अद्याप व्हायच्या असतील आणि त्या झाल्याशिवाय निर्णय घेता येत नसेल, तर तेही सांगावे. त्यांना डावलून माझा विचार व्हावा अशी माझी मुळीच अपेक्षा नाही.

माझ्याकडून जे जे लवकर होण्यासारखे आहे ते मी करून ठेवले आहे. संचालकांसोबतच्या भेटीसाठी मंगळवार ते गुरुवार, म्हणजे १० ते १२ जून या तिन्ही दिवशी सकाळी साडेनऊपूर्वी किंवा सायंकाळी सहानंतर मी उपलब्ध आहे. व्हिडिओ कॉलवर बोलणे त्यांना सोयीचे असेल तर कामाच्या वेळेतही अर्धा तास काढू शकेन. माझ्या आधीच्या दोन्ही वरिष्ठांशी मी बोलले असून आपला फोन या आठवड्यात येऊ शकेल याची त्यांना कल्पना आहे. त्यांचे संपर्क क्रमांक, पदवीची प्रमाणपत्रे आणि यापूर्वीच्या नोकऱ्यांची कार्यमुक्ती पत्रे या ईमेलसोबत जोडत आहे. माझ्या सध्याच्या कंपनीत मात्र या प्रक्रियेबद्दल कोणालाही माहिती नाही. त्यामुळे मी राजीनामा देईपर्यंत तिथे चौकशी करू नये, ही विनंती.

रुजू होण्याच्या तारखेबद्दलही लिहिते, कारण त्यावर आपले नियोजन अवलंबून असेल. माझा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे आणि तो कमी होण्याची शक्यता मला दिसत नाही. आपले ऑफर लेटर १३ जूनला मिळाले आणि १६ जूनला मी राजीनामा दिला, तर सोमवार, १८ ऑगस्टपासून मी आपल्याकडे रुजू होऊ शकेन. निर्णय जूनअखेर झाला असता तरी ही तारीख फार तर दोन आठवड्यांनी पुढे गेली असती, म्हणजे लवकर निर्णय घेतल्याने आपल्याला मी फार आधी मिळेन असा दावा मी करत नाही. लाभ झाला तर तो इतकाच की मी तोपर्यंत दुसरीकडे बांधली गेलेली नसेन.

येथे एका गोष्टीबद्दल मोकळेपणाने लिहिणे आवश्यक वाटते. निवड जवळपास निश्चित आहे, पत्र नंतर पाठवू, असे तोंडी आश्वासन सद्भावनेने दिले गेले तरी त्याच्या आधारावर हातातली लेखी ऑफर नाकारणे मला शक्य होणार नाही. यात आपल्या शब्दाविषयी अविश्वास नाही. मंजुरीच्या वाटेवर शब्द देणाऱ्याच्या हाताबाहेरच्या गोष्टी असतात, आणि दोन महिन्यांची नोटीस दिल्यावर मला मागे फिरता येणार नाही. म्हणून पद, वेतन आणि रुजू होण्याची तारीख नमूद असलेले पत्र हाती आल्यावरच मी पुढचे पाऊल उचलेन. सविस्तर नियुक्तिपत्र तयार व्हायला वेळ लागणार असेल, तर अधिकृत ईमेलवर आलेले संक्षिप्त ऑफर लेटरही मला पुरेसे आहे.

१३ जूनपर्यंत निर्णय होणे शक्य नसेल, तर तसे नि:संकोच कळवावे. नकारार्थी किंवा अर्धवट उत्तरही मला उपयोगाचे आहे. आपल्याकडून काहीच न कळता १६ तारीख उजाडली तर मात्र निर्णय घेणे मला फार जड जाईल. ती मुदत संपण्यापूर्वी आपल्याकडून ठोस काही हाती आले नाही, तर मी बहुधा दुसरी ऑफर स्वीकारेन आणि त्याच दिवशी माझा अर्ज मागे घेत असल्याचे आपल्याला लेखी कळवेन. तिकडे होकार देऊन इकडची प्रक्रिया चालू ठेवणे मला पटत नाही आणि तसे मी करणार नाही.

हे पत्र मी केवळ आपल्याला पाठवत आहे, कारण आतापर्यंतचा सर्व पत्रव्यवहार आपल्यामार्फत झाला आहे. विभागप्रमुखांना ते दाखवणे आपल्याला उचित वाटत असेल तर माझी काहीही हरकत नाही. किंबहुना त्यांना ही बाब आपल्याकडून कळणे मला अधिक योग्य वाटते.

बुधवार, ११ जूनपर्यंत आपण प्राथमिक उत्तर देऊ शकलात, तर उरलेल्या दिवसांची आखणी मला करता येईल. ईमेलऐवजी फोनवर बोलणे सोयीचे असल्यास दुपारी एक ते दोन या वेळेत किंवा सायंकाळी सहानंतर कधीही फोन करावा. माझा क्रमांक अर्जात दिलेलाच आहे. बुधवारी सायंकाळपर्यंत उत्तर आले नाही, तर गुरुवारी सकाळी मी स्वतः आपल्या कार्यालयीन क्रमांकावर एकदा फोन करेन.

आपली विश्वासू,
मुक्ता
उमेदवार, पुरवठा नियोजन व्यवस्थापक पद

सोबत : पूर्वीच्या दोन वरिष्ठांचे संपर्क क्रमांक, पदवीची प्रमाणपत्रे, कार्यमुक्ती पत्रे