विषय: क्वालिटी मॅनेजर, कागल – माझा अर्ज गोपनीय ठेवण्याबाबत

मानसी मॅडम,
नमस्कार.

शनिवारी फोनवर ठरल्याप्रमाणे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या क्वालिटी मॅनेजरच्या जागेसाठी माझा सीव्ही सोबत पाठवत आहे. काम मला आवडलं आहे आणि अर्ज मनापासून करतोय. फक्त मी सध्या शिरोलीतल्या एका फौंड्रीत नोकरीला आहे. दुसरीकडे बघतोय हे तिथं कुणालाही ठाऊक नाही, आणि मी स्वतः जाऊन राजीनामा देईपर्यंत ते कळू नये अशी माझी विनंती आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, "काळजी करू नका, आमच्याकडं सगळं कॉन्फिडेन्शियलच असतं." तुमच्यावर विश्वास आहेच. पण कोल्हापुरात अशी गोष्ट नेमकी कुठून फुटते, हे पुण्यात बसून लक्षात येणं कठीण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले अशा तीन एमआयडीसी आहेत, शिवाय शहरात जुनं उद्यमनगर. कागदावर हे वेगवेगळे पत्ते. पण पॅटर्न बनवणारे तेच, वाळू आणि बाइंडर पुरवणारे तेच, स्पेक्ट्रोमीटरची सर्व्हिस करणारा इंजिनिअरही बऱ्याचदा तोच. सकाळी आमच्याकडं माल उतरवणारा माणूस दुपारी दुसऱ्या फौंड्रीच्या स्टोअरमध्ये चहा घेत असतो, आणि चहाबरोबर कोण कुठं चाललाय हेही निघतंच. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

म्हणून नुसतं नाव झाकून भागणार नाही. माझ्या नावाचे लोक शिरोलीत हाकेसरशी चार तरी वळून बघतील. ओळख पटते ती पुढच्या ओळीतून. "एसजी आयर्न, डिफरेन्शियल हाउसिंग, कोअर शॉपमधल्या बदलानंतर ब्लोहोलचं रिजेक्शन निम्म्यावर" एवढं वाचलं की या धंद्यातला कुणीही आमच्या कंपनीचं नाव आणि पाठोपाठ माझं नाव सांगेल. सोबत दोन फायली आहेत. पहिली पूर्ण आहे, ती फक्त तुमच्यासाठी. दुसरीत नाव आणि कंपनी तर नाहीच, शिवाय पार्टची नावं, ग्राहकांची नावं आणि तो कोअर शॉपचा किस्साही काढलाय. त्याऐवजी "ऑटोमोटिव्ह कास्टिंगमध्ये चौदा वर्षं, आयएटीएफ १६९४९ आणि पीपीएपीची पूर्ण जबाबदारी सांभाळलेली" असं मोघम लिहिलं आहे. क्लायंटला आधी ही दुसरी फाइल दाखवा. त्यांना रस वाटला तर मला फोन करा आणि मी हो म्हटल्यावर पहिली द्या.

सगळ्यात महत्त्वाची विनंती इथंच आहे. पूर्ण सीव्ही पाठवण्याआधी मला क्लायंटचं नाव सांगा. करार होईपर्यंत तुम्ही नाव सांगत नाही, हे मला माहीत आहे. त्यामागचं कारणही कळतं, उमेदवार परस्पर कंपनीत जाऊन उभा राहतो. मी तसं करणार नाही, हे इथं लेखी देतो. नाव माझ्यापाशीच राहील आणि या जागेसाठी मी दुसऱ्या कुठल्या कन्सल्टंटमार्फतही अर्ज करणार नाही. पण मला नाव कळणं गरजेचं आहे, कारण कागलमधल्या काही कंपन्या आमच्याच ग्राहक आहेत. त्यांची सप्लायर क्वालिटीची माणसं ऑडिटला आमच्याकडं येतात, माझ्या समोर बसून एट-डी रिपोर्ट तपासतात आणि जेवायला आमच्या प्लांट हेडबरोबर जातात. त्यांच्यातल्या कुणाच्या टेबलावर माझा सीव्ही गेला, तर दुसऱ्या कुणी काही सांगायची गरजच उरणार नाही. असा क्लायंट निघालाच तर मी लगेच माघार घेईन असं नाही, पण मग सीव्ही थेट एचआर प्रमुखांकडंच जावा आणि क्वालिटी विभागात फिरू नये, एवढं आधी ठरवून घेऊ.

आता फोनबद्दल. परवा सकाळी तुमच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा आमची रोजची मीटिंग चालू होती. टेबलावर आदल्या रात्रीच्या शिफ्टचे रिजेक्ट पीस मांडलेले, बाजूला सगळ्यांचे मोबाइल, आणि माझ्या स्क्रीनवर ट्रूकॉलरनं तुमच्या कन्सल्टन्सीचं नाव 'जॉब्स' या शब्दासकट झळकवलं. मोल्डिंगचे आमचे सहकारी वाकून बघतच होते. "कार्डवाल्यांचा दिसतोय" म्हणून मी तो कट केला. दर वेळी असं निभणार नाही. तुमच्या माणसांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, त्यामुळं तक्रार नाही. यापुढं फोन संध्याकाळी साडेसातनंतर करा. त्याआधी मी कंपनीच्या बसमध्ये असतो आणि शेजारच्या सीटवर बहुधा अकाउंट्सवाले. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते, त्या दिवशी कधीही चालेल. तातडीचं काही असेल तर "संध्याकाळी बोलू या का?" एवढाच व्हॉट्सॲप मेसेज टाका, कंपनीचं किंवा पदाचं नाव त्यात नको. ई-मेल फक्त या खासगी पत्त्यावर. ऑफिसचा पत्ता सीव्हीत दिलेला नाही, तो कुठून मिळाला तरी वापरू नका, तो मेल आयटीवाल्यांना दिसू शकतो.

व्हॉट्सॲपचाच आणखी एक मुद्दा. बरेच कन्सल्टंट एका जागेसाठी सगळ्या उमेदवारांचा ग्रुप करतात, किंवा वॉक-इनची मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवतात. मला कृपया कुठल्याही ग्रुपमध्ये घेऊ नका. आमच्याच कंपनीतले दोघं-तिघं तरी बाहेर बघत असणार याची मला खात्री आहे, आणि त्या ग्रुपमध्ये आम्ही एकमेकांना भेटलो तर ती गंमत कुणालाच परवडणार नाही.

नोकरीच्या साइटवरच्या प्रोफाइलमध्ये मी सध्याची कंपनी ब्लॉक केलेली आहे. पण आमच्या ग्रुपच्या दुसऱ्या नावाच्याही कंपन्या आहेत आणि त्यांची भरती कन्सल्टंटमार्फतच होते, त्यामुळं त्या ब्लॉकवर मी फार विसंबून नाही. तुमच्या डेटाबेसमध्ये माझा सीव्ही राहणारच. तिथं 'न विचारता पाठवू नये' अशी खूण करून ठेवा आणि ही जागा सोडून दुसऱ्या कुठल्याही जागेसाठी तो वापरायचा झाला तर आधी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती ही ठरलेल्या कामापुरतीच धरलेली आहे. तुम्हाला कायदा दाखवण्यासाठी हे लिहीत नाही, माझी संमती कशाला आहे ते स्पष्ट असावं एवढंच.

चौकशी आणि पडताळणीबद्दल: सध्याच्या कंपनीत कुणालाही फोन करू नये, 'सहज अनौपचारिक' म्हणूनही नाही. क्लायंटच्या फॉर्मवर "सध्याच्या मालकाशी संपर्क साधावा का?" असा रकाना असतो, तिथं मी 'नाही' लिहीन. ते पाहून कुणाला शंका आली तर वर दिलेलं कारण तुम्ही सांगावं. संदर्भासाठी गोकुळ शिरगावच्या माझ्या आधीच्या कंपनीतले वर्क्स मॅनेजर आहेत. ते आता निवृत्त झालेत, माझं काम त्यांनी जवळून पाहिलंय आणि मी त्यांना विचारून ठेवलं आहे. त्यांचा नंबर दुसऱ्या फेरीनंतर देतो. सध्याच्या नोकरीची पडताळणी लेखी ऑफर हातात आल्यावर आणि मी राजीनामा दिल्यावर खुशाल करा. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ ऑफरच्या टप्प्यावर देईन. तोवर फोनवर सांगितलेला आकडा धरून चला, तो स्लिपेशी तंतोतंत जुळेल. आधार, पॅन आणि पीएफचा यूएएन यांची तर आत्ता गरजच नाही.

मुलाखतीची पहिली फेरी व्हिडिओवर सोमवारी किंवा रात्री आठनंतर ठेवता आली तर उत्तम. दुसरी प्लांटवरच होणार हे गृहीत आहे, क्वालिटीच्या माणसानं शॉप फ्लोअर बघितल्याशिवाय हो म्हणूही नये. त्या दिवशी मी रीतसर रजा टाकेन. मात्र गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'मुलाखतीसाठी' असं लिहिलं जाऊ नये आणि सध्याच्या कंपनीचं नाव विचारलं जाऊ नये, एवढं एचआरना सांगून ठेवा. 'भेट' पुरेसं आहे. तसंच "मध्ये कुठंतरी भेटू" म्हणून सांगली फाट्यावरचं हॉटेल सुचवू नका, तिथं दुपारी निम्मी शिरोली जेवायला असते.

हे सगळं वाचून वाटेल की हा माणूस काहीतरी लपवतोय. तसं नाही. माझं सध्याच्या कंपनीशी भांडण नाही. प्लांट हेडनी मला कामात मोकळीक दिली, माझ्या हाताखाली अकरा जण आहेत आणि नोव्हेंबरमध्ये आमचं सर्व्हेलन्स ऑडिट आहे. मी जाणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पुढची वाढ थांबेल, ऑडिटची तयारी दुसऱ्याकडं जाईल, आणि इथं निवड झालीच नाही तर त्याच केबिनमध्ये मला संशयाखाली बसावं लागेल. घराचा हप्ताही चालू आहे. उद्या साहेबांनी समोर बसवून थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण त्यांना ही बातमी माझ्या तोंडून कळावी, बाइंडरवाल्याकडून नव्हे. आणि तुमच्या क्लायंटनाही हे सांगायला हरकत नाही की दोन महिन्यांचा नोटीस पिरियड मी पूर्ण करणार, ऑडिट संपवून मगच निघणार, आणि येताना इथली ड्रॉइंग किंवा ग्राहकांचा डेटा घेऊन येणार नाही. आत्ता जी गुप्तता मी मागतोय, तीच मी त्यांच्याकडं कामाला लागल्यावर पाळीन.

इतकी काळजी घेऊनही कुठून काही बाहेर गेलंय असं तुम्हाला कळलं, तर संकोच न करता त्याच दिवशी मला सांगा. मला आधी कळलं तर मी स्वतः जाऊन बोलू शकतो. उशिरा कळलं तर फक्त खुलासे देत बसावं लागतं.

क्लायंटचं नाव सांगणं आणि माझ्या होकारानंतरच पूर्ण सीव्ही पुढं पाठवणं, या दोन गोष्टी मान्य असतील तर गुरुवारपर्यंत याच मेलवर तसं कळवा. त्यात काही अडचण असेल तर पूर्ण सीव्हीची फाइल काढून टाका आणि तसं सांगा, मला अजिबात राग येणार नाही. पुढची जागा आली की पुन्हा बोलू. उत्तर येईपर्यंत दोन्हींपैकी कुठलीच फाइल पुढं जाऊ नये ही विनंती.

आपला,
संदीप पाटील
कोल्हापूर

सोबत: १) पूर्ण सीव्ही, फक्त आपल्यासाठी २) नाव व कंपनी वगळलेला सीव्ही