अश्विनी मोरे – क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर
टिळकवाडी, बेळगाव

शिक्षण: बी.फार्म.; क्लिनिकल रिसर्च पदविका; जीसीपी प्रशिक्षण.
भाषा: मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी.

अनुभव: बेळगावातील खासगी रुग्णालय, 2019 पासून
मधुमेह आणि हृदयविकाराच्या फेज 3 चाचण्या, एक फेज 2, एक फेज 4. फेज 2 मध्ये रुग्ण मोजके, पण भेटींचे वेळापत्रक सर्वांत काटेकोर.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या रुग्णांना संमतीपत्र त्यांच्याच भाषेत समजावते. सही घाईने घेत नाही. घरच्यांशी बोलून या, असे आवर्जून सांगते. सुगीत भेटी चुकतात, म्हणून प्रोटोकॉलने दिलेल्या मुदतीतच तारखा आधी ठरवते. तरीही विचलन झाले तर त्याच दिवशी नोंद, कारणासह एथिक्स कमिटीला कळवणे. गंभीर दुष्परिणामाची माहिती 24 तासांत जाण्यासाठी मुख्य संशोधकांना कागदपत्रे तयार करून देते.

कागदपत्रे: साइट फाइल, डेलिगेशन लॉग, सोर्स नोट्स, औषधसाठा व तापमान नोंदी.

तपासणी: सीडीएससीओच्या एका तपासणीत आणि प्रायोजकांच्या ऑडिटमध्ये साइटतर्फे कागदपत्रे सादर केली. संमतीपत्रांच्या आवृत्त्यांवर आक्षेप नाही. तापमान नोंदीवरील शेऱ्याचे उत्तर मुदतीत दिले.

रुजू होण्यास एक महिना लागेल. कोल्हापूर, हुबळीही चालेल.