8 दिवसांचं सेटलमेंट बँक खात्यात जमा नाही

दिनांक : 14 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
व्यापारी सेवा विभाग

विषय : 6 ते 13 नोव्हेंबरच्या विक्रीचे 77,625 रुपये खात्यात न आल्याबाबत. तक्रार क्रमांक 30811726.

नमस्कार,

लालबागला माझं दूध, पाव, अंड्यांचं छोटं दुकान आहे. तीन वर्षांपासून तुमचा क्यूआर आणि साउंडबॉक्स वापरतो. रोजच्या विक्रीचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत खात्यात पडायचे. 6 तारखेच्या विक्रीपासून एक रुपयाही आलेला नाही.

तुमच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या रकमा अशा :

6 नोव्हेंबर – 8,940
7 नोव्हेंबर – 9,215
8 नोव्हेंबर – 11,360
9 नोव्हेंबर – 12,705
10 नोव्हेंबर – 8,480
11 नोव्हेंबर – 9,030
12 नोव्हेंबर – 8,775
13 नोव्हेंबर – 9,120

प्रत्येक रकमेपुढे हिरव्या अक्षरांत ‘सेटल्ड’ लिहिलंय, खाली यूटीआर नंबरही आहे. तोवर आलेले नंबर कागदावर उतरवून मी बुधवारी आणि आज असा दोनदा बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी एकेक नंबर टाकून बघितला. यातली एकही रक्कम माझ्या खात्यावर आलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. पासबुक भरून घेतलंय, त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

म्हणून माझा प्रश्न एकच आहे : हे पैसे या क्षणी कुठे आहेत? तुमच्याकडेच अडकलेत, पाठवले आणि परत आले, की दुसऱ्या कोणाच्या खात्यात गेले? या तिन्हींपैकी काय झालं ते मला लेखी कळवा.

तपासाला उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट सांगतो. 5 तारखेला दुपारी ॲपने केवायसी अपडेट करायला सांगितलं. मी पॅन आणि रद्द केलेल्या चेकचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवसाच्या विक्रीपासून पैसे बंद. ॲपमध्ये खात्याचे शेवटचे चार आकडे 4417 बरोबर आहेत, पण आयएफएससी चेकवर छापलाय तो नाही. हा बदल मी केलेला नाही. माझ्या मते गोम इथेच आहे, तेव्हा आधी तेवढं तपासा.

7 तारखेला पहिली तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, ‘बँक हॉलिडेमुळे उशीर, 24 ते 48 तास थांबा.’ गुरुनानक जयंतीची सुट्टी 5 तारखेला होती आणि त्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचे पैसे नीट आले होते. शिवाय एनईएफटी 2019 च्या डिसेंबरपासून सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. 10 तारखेला मला न विचारता तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद केली. त्याच दिवशी साउंडबॉक्सचं 125 रुपये भाडं माझ्या याच खात्यातून कापलं गेलं. घ्यायला खातं सापडतं, तर द्यायलाही सापडलं पाहिजे.

दुधाच्या धंद्यात आठ दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला कळावं असं मनापासून वाटतं. पहाटे चारला गाडी येते आणि कालच्या मालाचे पैसे चुकते केल्याशिवाय आजचे क्रेट उतरत नाहीत. एका पिशवीमागे सुटणारं कमिशन इतकं कमी की हाताशी शिल्लक राहतच नाही, काल आलेल्या पैशावरच आजचा माल भरतो. एजन्सीवाल्याने दोन दिवस सांभाळून घेतलं, मग क्रेट 14 वरून 9 केले. बायकोने भिशीचे 20,000 काढून दिले, ते पाववाल्याचा आणि अंडीवाल्याचा हिशोब भागवण्यात गेले. सकाळी साडेआठला दूध संपतं आणि रोजचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. वीस-वीस वर्षं येणारी माणसं आहेत ती. क्यूआर झाकून रोख मागून बघितलं, पण करी रोडला गाडी पकडायला धावणाऱ्या माणसाच्या खिशात सुट्टे नसतात.

अजून एक. काल दुपारी ‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ म्हणत एकाचा फोन आला. अडकलेले पैसे सोडवायचे तर स्क्रीन शेअर करा, ओटीपी सांगा म्हणाला. मी फोन ठेवला. माझी तक्रार त्याला कशी कळली, याचीही चौकशी करा.

कृपया एवढं करा : बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा, आयएफएससी दुरुस्त करा, आठही यूटीआरचा माग काढून पूर्ण 77,625 रुपये सोमवार, 17 नोव्हेंबरपर्यंत जमा करा. तोवर नवीन विक्रीचे पैसे चुकीच्या ठिकाणी पाठवू नका. पहिल्या तक्रारीपासून 30 दिवसांत निकाल न लागल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, पण तेवढे दिवस माझं दुकान तग धरणार नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितोय.

ठरावीक मेसेज पाठवू नका, माणसाने फोन करावा. नोंदवलेल्या नंबरवर दुपारी 2 ते 4 मध्ये करा, तेव्हा दुकानात गर्दी नसते.

आपला,
सुरेश कदम
श्री गणेश डेअरी अँड जनरल स्टोअर्स,
लालबाग, मुंबई 400012

सोबत : पासबुकाचा फोटो, ॲपमधील आठ दिवसांचे स्क्रीनशॉट, रद्द केलेला चेक